कंटूर शिकवायला काय घ्यायचं: मातीचा डोंगर की जोड्या लावायची कार्डं?

स्थलदर्शक नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे कंटूर लाइन्स, शिकवायचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात मुलं मातीचा डोंगर करतात, त्याचे आडवे काप काढतात आणि प्रत्येक कापाची कड कागदावर गिरवतात. दुसऱ्यात एका बाजूला कंटूरची कार्डं, दुसऱ्या बाजूला डोंगर बाजूने कसा दिसेल त्याची चित्रं, आणि जोड्या लावायच्या. वेळ एकासाठीच असेल तर कुठला घ्यायचा, हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मुख्य फरक सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. मातीच्या कामात मूल आकाराकडून रेषेकडे जातं, आणि कार्डांत रेषेकडून आकाराकडे. नकाशा हातात घेतल्यावर आपल्याला दुसरंच करावं लागतं, समोर फक्त रेषा असतात आणि डोंगर डोक्यात उभा करायचा असतो. म्हणून मातीचं काम सुंदर करणारं मूलसुद्धा छापील नकाशासमोर अडकू शकतं.

पण मातीतून एक गोष्ट अशी मिळते जी कार्डातून कधीच मिळत नाही, आणि ती म्हणजे रेषा मुळात आहे काय. बऱ्याच मुलांना ती डोंगरावर चढत जाणारी वाट वाटते. दोऱ्याने माती कापली, वरचा भाग उचलला, त्याची कड गिरवली, की सगळी कड एकाच उंचीवर होती हे हाताला कळतं, मग व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

आता हे नीट कसं करायचं ते एका उदाहरणावर बघू. दोन शिखरांचा डोंगर करा, एक शिखर ९ सेंमी, दुसरं ७ सेंमी, मधली खिंड साधारण ५ सेंमी. डोंगर कागदावर ठेवून तळाची कड गिरवा, ही झाली ० ची रेषा. मग दोन्ही बाजूंना २ सेंमी जाडीच्या दोन पट्ट्या ठेवा, दोरा ताणून पट्ट्यांवरून सरळ ओढत न्या, म्हणजे काप सगळीकडे सारखाच निघतो. खालचा काप काढून टाका, वरचा भाग त्याच कागदावर त्याच जागी ठेवा, कड गिरवा, २ लिहा. परत पट्ट्या, परत दोरा, पुढची रेषा ४. दर वेळी तेच.

गडबड होते ती ‘त्याच जागी’ ठेवण्यात. काप सरकला किंवा थोडा फिरला तर रेषा एकमेकींना छेदतात, आणि साध्या उतारावर तसं होणं शक्यच नाही, म्हणून छेदलेल्या रेषा दिसल्या की समजायचं, ठेवताना चूक झालीये. उपाय म्हणून सुरुवातीलाच वरून तळापर्यंत काडीने उभी भोकं पाडायची आणि ती कागदावर मार्क करायची. पण एका शिखरात एकच भोक पुरत नाही! ६ च्या पातळीवर कापलं की वरचा भाग दोन तुकड्यांत सुटा होतो, आणि एकाच भोकावर बसवलेला तुकडा गोल फिरू शकतो. म्हणून प्रत्येक शिखरात दोन दोन भोकं. माती फार मऊ असेल तर दोरा ओढताना डोंगर दबतो, अशी माती थोडी घट्ट होऊ द्या.

शेवटी कागदावर काय दिसतं? ०, २ आणि ४ चा एकेकच वेढा, ६ चे दोन सुटे वेढे, आणि ८ चा फक्त मोठ्या शिखरावर. इथे थांबून मुलांना विचारा, आता डोंगर विसरा, या कागदावरून खिंड किती उंच आहे? ५ असं उत्तर आलं तर मूल अजून डोंगर आठवतंय. कागद एवढंच सांगतो की ती ४ च्या वर आणि ६ च्या खाली आहे. मोठं शिखरसुद्धा ८ आणि १० च्या मध्ये कुठेतरी. दोन रेषांच्या मधलं नकाशा सांगत नाही ही गोष्ट इतकी स्वच्छ दुसऱ्या कुठल्या पद्धतीत दिसत नाही, आणि माझ्या मते मातीच्या कामातली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं हीच.

काहीजण कापायच्या ऐवजी पारदर्शक डब्यात मॉडेल ठेवून पाणी टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि पाण्याच्या कडेवर रेघ ओढतात. बघायला छान वाटतं, पण झाकणावरून बघून गिरवताना वरच्या रेषा डोळ्याला जवळ असल्यामुळे खालच्या रेषांच्या मानाने मोठ्या उमटतात. रेषा म्हणजे काय एवढंच दाखवायचं असेल तर चालेल, नकाशा करायचा असेल तर कापच बरे.

आता कार्डं. वेळ खूप कमी लागतो, पसारा नाही, आणि कोण कुठे चुकतंय हे लगेच दिसतं, पण ते कार्डं कशी केली आहेत त्यावर आहे. सहा नकाशे आणि सहाच चित्रं ठेवली तर शेवटची जोडी न वाचताच लागते, म्हणून चित्रं दोन-तीन जास्तीची ठेवायची. चित्र कुठल्या बाजूने बघून काढलंय ते कळायला नकाशावर अ–ब अशी रेघ हवी, आणि सगळ्या चित्रांची उभी आणि आडवी दोन्ही मापं सारखीच हवीत, नाहीतर सौम्य टेकडीसुद्धा कड्यासारखी दिसते.

खरी कमाल जास्तीच्या चित्रांची असते. समजा दोन नकाशे आहेत, दोन्हीत समोच्च अंतर, म्हणजे शेजारच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक, २० मीटर, दोन्हीत १०० मीटरपर्यंतच रेषा, फक्त एकात रेषा जवळजवळ आणि दुसऱ्यात लांबलांब. चित्रं तीन ठेवा: १०० च्या थोडा वर जाणारा तीव्र उताराचा डोंगर, तेवढाच उंच पण सौम्य उताराचा, आणि २०० मीटरचा तीव्र उताराचा. ज्याच्या डोक्यात ‘रेषा जवळ म्हणजे डोंगर उंच’ असं बसलंय तो जवळच्या रेषांना २०० मीटरवाला डोंगर देतो. ही समजूत फार पसरलेली आहे आणि मातीच्या कामात ती कधीच उघडी पडत नाही, कारण तिथे डोंगर समोरच असतो, उंची रेषेतून वाचायची गरजच पडत नाही. अशीच दुसरी जोडी दरी आणि सोंडेची करा. दोन्हीत रेषांचा आकार इंग्रजी व्हीसारखाच, फक्त आकडे उलटे. टोक वाढत्या आकड्यांकडे असेल तर दरी, कमी होणाऱ्या आकड्यांकडे असेल तर सोंड. आकडे न बघता आकारावरून जोडी लावणारे इथे पकडले जातात.

कार्डांची उणीव एकच पण मोठी आहे. ज्याला रेषा म्हणजे काय हेच कळलं नाहीये तो ठोकताळ्यांवर जोड्या लावतो, गोल वेढे म्हणजे टेकडी, जवळ रेषा म्हणजे कडा, वगैरे. बऱ्याच बरोबरही येतात. मग त्याला खोलगट खड्ड्याचा नकाशा द्या, जिथे वेढे तसेच गोल पण आकडे आत कमी होत जातात. तिथे तो टेकडीचंच चित्र उचलतो.

म्हणून माझं मत असं की मुलं कंटूर पहिल्यांदाच बघत असतील आणि तासाभराचा वेळ असेल तर माती घ्या, कार्डं नंतर. व्याख्या येतेय पण नकाशा वाचताना उतार आणि उंची यांचा घोळ होतोय, तर माती सोडा, सरळ कार्डं, अर्ध्या तासात काम होतं. मोठ्यांच्या गटालासुद्धा मी कार्डंच देईन.

आणि दोन तास मिळत असतील तर छापील कार्डं लागतच नाहीत. प्रत्येक गटाने आपला डोंगर कापून गिरवायचा, काप परत भोकांत काड्या घालून एकावर एक रचायचे, सगळे डोंगर एका टेबलावर ठेवायचे आणि कागदांवर नावाऐवजी खुणा टाकून मिसळायचे. मग दुसऱ्या गटाचा कागद घेऊन त्याचा डोंगर शोधायचा. फक्त आधीच सांगून ठेवा की सगळ्यांच्या डोंगराची उंची ८ ते १० सेंमीच्या मध्ये हवी, नाहीतर मुलं रेषा मोजून डोंगर ओळखतात, आकार वाचतच नाहीत.