फ्रीकॅड १.०: एका सत्राच्या वापरानंतरचा अनुभव

यंत्रांचे भाग संगणकावर त्रिमितीत काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर फ्रीकॅड मी गेले पूर्ण सत्र वापरत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० आवृत्तीत सुटे भाग एकत्र जोडण्याचे असेंब्ली वर्कबेंच मूळ प्रोग्राममध्येच मिळाले, म्हणून आमच्या गटाने स्क्रू जॅकचे काम त्यावर घेतले. मात्र या प्रोग्रामची खरी ओळख सबमिशनच्या आदल्या रात्री झाली.

सगळे भाग एकाच फाइलमध्ये होते आणि ती फाइल सामायिक फोल्डरमध्ये होती. अपलोड अर्धवट तुटले आणि रात्री दहाच्या सुमारास फाइल उघडेना. जतन करताना फ्रीकॅड `.FCBak` ही जुनी प्रत बाजूला ठेवते, पण गटातल्या कोणीतरी त्या प्रती कचरा समजून पुसल्या होत्या. उरलो होतो जागे असलेले आम्ही दोघे.

`.FCStd` ही फाइल मुळात झिप असते, हे माझ्या जोडीदाराला ठाऊक होते. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटले की आतले बरेच काही शाबूत असूनही फाइल उघडत नाही. त्याने लिनक्सवर ही आज्ञा दिली:

```
zip -FF jack.FCStd --out repaired.zip
```

सुरुवातीला लिहिली जाणारी `Document.xml` अखंड निघाली. स्केचेसची मापे आणि फीचर्सचा क्रम तिच्यातच असतो. तुटले होते ते `.brp` फाइलींतले तयार आकार. झिपचे नाव बदलून पुन्हा `.FCStd` केले, फाइल उघडली, भागांची पुनर्गणना करवली आणि बॉडी, नट व स्पिंडल परत उभे राहिले. मला तोवर मापे नव्याने टाकावी लागणार याचीच धास्ती होती.

कप मात्र आला नाही. तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून स्टेप फाइल म्हणून आणलेला असल्याने त्याला स्केचचा इतिहासच नव्हता. जो काही होता तो केवळ आकार, आणि तोच गेला होता. मूळ फाइल ज्याच्याकडे होती तो गावी जाणाऱ्या गाडीत बसलेला, फोन बंद. जोडीदाराने वहीतल्या कच्च्या आकृतीवरून कप पुन्हा काढला आणि तोवर मी सांधे तपासले. बॉडी स्थिर, नट तिच्याशी फिक्स्ड, स्पिंडल व नटमध्ये सिलिंड्रिकल, हे तिन्ही टिकले होते. कपाचा सांधा जुन्या आकाराच्या पृष्ठांना धरून असल्यामुळे तो काढून नव्याने द्यावा लागला. पहिल्यांदा कप उलटा बसला आणि दिशा बदलण्यात वेळ गेला. पहाटे स्पिंडल ओढून पाहिला तेव्हा कप त्याच्यासोबत वर सरकला आणि नट जागचा हलला नाही.

आता आम्ही प्रत्येक भाग स्वतंत्र फाइलीत ठेवतो, असेंब्लीत त्याचा दुवा देतो, आणि प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये जुन्या प्रतींची संख्या वाढवली आहे. तक्रार एकच उरते: एक असेंब्ली दोघांनी एकाच वेळी संपादित करण्याची सोय यात नाही, त्यामुळे कोण फाइल उघडणार हे अजूनही आम्ही फोनवरच ठरवतो.