राइट-थ्रू ठेवू की राइट-बॅक? लाइट जाणाऱ्या दुकानाच्या सर्व्हरपुरतं बघूया

औषधांचा होलसेल धंदा, चार काउंटर, मागच्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर, आणि आठवड्यातून दोनतीनदा जाणारी लाइट. असा सेटअप असला की कॅश कोणत्या मोडमधे ठेवायची हा प्रश्न येतोच, आणि उत्तर मिळतं ते ठरलेलं, राइट-बॅक फास्ट, राइट-थ्रू सेफ. हे चूक नाही पण त्यावर निर्णय घेता येत नाही, कारण डेटा प्लॅटरपर्यंत पोचेपर्यंत वाटेत एक नाही तर दोनतीन कॅश लागतात आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं आहे.

आधी फरक पटकन. राइट-थ्रूमधे डेटा खालच्या कायमच्या जागी पोचल्यावरच वरच्याला "झालं" असं कळवलं जातं. राइट-बॅकमधे रॅममधे आला की लगेच "झालं" म्हणायचं, तो तुकडा डर्टी म्हणून मार्क करायचा आणि सवडीने खाली लिहायचं. मधल्या वेळात लाइट गेली तर डर्टी तुकडे गेले.

पहिली कॅश कर्नलची. जुन्या युनिक्समधे हिला बफर कॅश म्हणायचे, लिनक्समधे 2.4 पासून ती पेज कॅशमधे मिसळली. ही राइट-बॅकच असते. डिफॉल्ट सेटिंगला फ्लशर दर 5 सेकंदांनी जागा होतो आणि 30 सेकंदांहून जुनी डर्टी पानं खाली लिहितो, म्हणजे एखाद्या स्क्रिप्टने साधी फाइल लिहिली आणि fsync, म्हणजे हे आत्ताच डिस्कवर उतरव असं कर्नलला सांगणं, केलं नाही तर अर्ध्या मिनिटाचं लिखाण हवेत असू शकतं. आत्ता किती डर्टी आहे ते असं दिसतं:

```
grep -E 'Dirty|Writeback' /proc/meminfo
```

हे बघून काही जण घाबरून अख्खी फाइलसिस्टम `sync` ऑप्शनने माउंट करतात. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. तसं केलं की लॉगची प्रत्येक फालतू ओळसुद्धा डिस्कची वाट बघत बसते, मशीन रडतं, आणि डेटाबेसला त्यातून काहीच जास्त मिळत नाही, कारण तो जिथे गरज आहे तिथे स्वतः fsync मागतो. या थराला राइट-बॅकच राहू द्या.

का ते एका बिलावरून बघू. 10:15:00 ला काउंटरवर बिल नंबर 4812 सेव्ह केलं. पोस्टग्रेस आधी त्याची नोंद वॉलमधे, म्हणजे त्याच्या आगाऊ लॉगमधे टाकतो आणि fsync करतो. कर्नल तेवढा भाग डिस्ककडे पाठवतो आणि पाठोपाठ फ्लश कमांड देतो, की तुझ्या कॅशमधे आहे ते सगळं प्लॅटरवर उतरव आणि मगच हो म्हण. डिस्क हो म्हणाली की काउंटरवर "सेव्ह झालं" येतं आणि प्रिंट निघते. टेबलाचं खरं पान मात्र अजून रॅममधे डर्टीच आहे, ते पुढच्या चेकपॉइंटला जाईल, डिफॉल्टला तो 5 मिनिटांनी असतो. 10:15:12 ला लाइट गेली. परत आल्यावर पोस्टग्रेस शेवटच्या चेकपॉइंटपासून वॉल वाचतो, सगळं पुन्हा लावतो आणि 4812 जागेवर सापडतं. गेलं ते फक्त ज्याची प्रिंट निघालीच नव्हती ते. आणि यात कर्नलची कॅशही राइट-बॅक होती, डिस्कचीही होती. वाचवलं ते फ्लशच्या कमांडने, मोडने नाही.

आता तेच बिल अशा मशीनवर, जिथे फ्लश कोणीतरी मधे गिळतंय. डिस्क फ्लश पुढे न पाठवणाऱ्या स्वस्त यूएसबी डब्यात आहे, किंवा रेड कार्डवर बॅटरी नसताना राइट-बॅक जबरदस्तीने चालू केलंय, किंवा सर्व्हर व्हर्च्युअल मशीन आहे आणि क्यूईएमयूला `cache=unsafe` दिलंय. इथे "सेव्ह झालं" लगेच येतं, प्रिंटही निघते, पण नोंद अजून कुठल्यातरी रॅममधे आहे. लाइट गेली की शेवटची काही बिलं नाहीशी. कागद गिऱ्हाइकाच्या हातात, डेटाबेसमधे काही नाही, आणि सॉफ्टवेअर शेवटचा नंबर अधिक एक असं करत असेल तर सकाळी तोच नंबर दुसऱ्या पार्टीच्या नावाने पुन्हा निघतो. जीएसटीच्या रिटर्नमधे हे केवढं निस्तरावं लागतं ते अकाउंटंटला विचारा.

पण बिलं जाणं ही त्यातली बरी केस आहे. वाईट केस क्रम तुटण्याची. डिस्क आपल्या कॅशमधलं लिखाण स्वतःच्या सोयीने, हेड जिथे असेल त्या हिशोबाने उतरवते, आलेल्या क्रमाने नाही. समजा चेकपॉइंट झाला, पोस्टग्रेसने टेबलाची पानं fsync केली, त्याला "झालं" असं खोटं उत्तर आलं, म्हणून त्याने जुनी वॉल फाइल पुन्हा वापरायला घेतली. त्याच क्षणी लाइट गेली. जुनी वॉल पुसली गेलीय, आणि पानं तर उतरलीच नव्हती. आता बिघाड आजच्या बिलात नाही, तो गेल्या महिन्याच्या खातेउताऱ्यात किंवा इंडेक्समधे असू शकतो, डेटाबेस कदाचित गुपचूप सुरूही होतो आणि कित्येक दिवसांनी एखादी क्वेरी `invalid page in block` म्हणून अडते, तोपर्यंत बॅकअपमधेही तोच बिघाड उतरलेला असतो. म्हणून "दोन सेकंदांचा डेटा गेला तर चालेल" हा हिशोब इथे लागू पडत नाही.

दुसरी कॅश डिस्कची स्वतःची. बघायचं असं, आणि दुसऱ्या ओळीत राइट कॅश बंद होते:

```
hdparm -W /dev/sda
hdparm -W0 /dev/sda
```

बऱ्याच डिस्कवर हे पॉवर गेली की विसरलं जातं, म्हणून डेबियनवाल्यांनी `/etc/hdparm.conf` मधे `write_cache = off` टाकावं. एक सापळा सांगून ठेवतो. `/sys/block/sda/queue/write_cache` वाचली तर `write back` किंवा `write through` दिसतं आणि काही लोक त्यात हाताने `write through` लिहून निर्धास्त होतात. त्याने डिस्कची कॅश बंद होत नाही, फक्त कर्नलचा समज बदलतो की इथे पुसली जाणारी कॅशच नाही, आणि तो फ्लश पाठवणं थांबवतो, म्हणजे सुरक्षित करायला गेलात आणि होतं ते संरक्षण काढून टाकलंत.

डिस्कला राइट-थ्रू केल्याची किंमत किती? 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेऱ्या मारते, एक फेरी साधारण 8.3 मिलीसेकंद. एकामागून एक येणारे कमिट असतील तर त्याच वॉलच्या जागी पुन्हा लिहायला जवळजवळ एक फेरी जाते, म्हणून सेकंदाला 120 च्या आसपास कमाल, फाइलसिस्टमचं जर्नल मधे आलं की त्याहून कमी. चार काउंटरवर गर्दीच्या वेळीसुद्धा सेकंदाला दोन बिलं निघणार नाहीत, त्यामुळे बिलिंगला फरक जाणवतही नाही. जाणवतो तो रात्री कंपनीची 50,000 ओळींची रेट लिस्ट इंपोर्ट करताना. प्रत्येक ओळ वेगळी कमिट होत असेल तर 50,000 भागिले 120 म्हणजे उत्तम परिस्थितीत 7 मिनिटं, प्रत्यक्षात बरीच जास्त. पण तो दोष कॅशचा नाही, इंपोर्ट एका ट्रान्झॅक्शनमधे गुंडाळला की fsync च्या वाटेचा हा सगळा वेळ निघून जातो. बाकी मोठ्या फाइल कॉपीला मात्र डिस्क मंद वाटेल हे खरं.

मग माझं मत काय, साधी साटा हार्डडिस्क मदरबोर्डला थेट जोडलेली असेल आणि फ्लश पाळते हे तपासलं असेल तर कॅश चालू राहू द्या. तपासता येत नसेल किंवा शंका असेल तर `-W0`, या कामाला ते पुरतं.

तिसरी कॅश रेड कार्डची, आणि इथेच मोड निवडायचा खरा प्रश्न येतो. कार्डवर बॅटरी किंवा सुपरकॅपॅसिटर असेल तर राइट-बॅक बिनधास्त घ्या, कारण लाइट गेली तरी बॅटरी ती रॅम जिवंत ठेवते, आणि कॅपॅसिटरवाली कार्डं रॅममधलं फ्लॅशमधे ओतून मोकळी होतात. बॅटरी नसेल तर राइट-थ्रू, चर्चाच नको. गडबड होते ती पुढे. दोनतीन वर्षांनी बॅटरी म्हातारी होते, कार्ड स्वतःहून राइट-थ्रूवर येतं, जे अगदी बरोबर आहे, पण सगळ्यांना अचानक सर्व्हर स्लो वाटायला लागतो, फोन सुरू होतात, आणि कोणीतरी कार्डच्या मेनूत जाऊन Always Write Back करून टाकतं. स्पीड परत येतो, सगळे खूश, आणि त्या दिवसापासून बॅटरीशिवाय राइट-बॅक चालू आहे हे कोणाच्या लक्षात राहत नाही. सर्व्हर एका दिवसात मंद झाला तर मोडला हात लावायच्या आधी बॅटरी बघा. मेगारेड कार्डवर:

```
storcli /c0/bbu show
storcli /c0/cv show
storcli /c0/vall set pdcache=off
```

पहिल्या दोनपैकी तुमच्या कार्डला लागू असेल ती. तिसरी ओळ का, तर कार्डची बॅटरी फक्त कार्डच्या रॅमला वाचवते, मागच्या डिस्कच्या कॅशला नाही, म्हणून तिथली कॅश बंद.

एसएसडीवाल्यांसाठी वेगळं काही नाही, फक्त पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का ते बघा, म्हणजे आतले कॅपॅसिटर. सर्व्हरसाठीच्या बऱ्याच मॉडेलमधे असतात, घरगुती बहुतेकांमधे नसतात. 2013 मधे स्टोरेजवरच्या फास्ट नावाच्या परिषदेत एक अभ्यास मांडला गेला होता, 15 एसएसडींची पॉवर मुद्दाम तोडून बघितली तर 13 मधे काही ना काही बिघाड सापडला. पैसे खर्च करायचेच असतील तर मोठ्या रॅमपेक्षा हे कॅपॅसिटर घ्या.

यूपीएस आहे ना मग कशाला एवढं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच, यूपीएस बाहेरची लाइट सांभाळतो. एसएमपीएस उडाला, कोणाचा पाय केबलमधे अडकला, यूपीएसचीच बॅटरी दोन मिनिटांत बसली, यात तो काही करू शकत नाही. यूपीएस घ्याच, आणि तो सर्व्हरला जोडून वेळेत शटडाउन होईल असं लावा, पण त्याच्या भरवशावर बॅटरी नसलेल्या कार्डला राइट-बॅक देऊ नका.

आणि एवढं करूनही स्पीड हवाच असेल तर धोका डेटाबेसमधे घ्या, खाली नको. पोस्टग्रेसमधे `synchronous_commit = off` केलं तर डिफॉल्ट सेटिंगला जास्तीत जास्त 0.6 सेकंदांचे कमिट जातात, पण क्रम तुटत नाही, जुना डेटा शाबूत राहतो. काउंटरच्या बिलांना हे नको, स्टॉकच्या लॉगसारख्या गोष्टींना सेशनपुरतं चालतं. `fsync = off` ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, ती कधीच नाही.

शेवटी तपासणी. पोस्टग्रेससोबत `pg_test_fsync` येतं, ते चालवा. 7200 च्या हार्डडिस्कवर सेकंदाला शंभरच्या आसपास आकडा आला तर सगळे खरं बोलतायत. हजारोंमधे आला आणि मधे बॅटरीवालं कार्ड नाही, तर कुठेतरी फ्लश गिळला जातोय. त्याहून पक्की टेस्ट म्हणजे ब्रॅड फिट्झपॅट्रिकची `diskchecker.pl`, ती लिहिलेल्याची नोंद दुसऱ्या मशीनवर ठेवते आणि सर्व्हर परत आल्यावर "झालं" म्हटलेलं खरंच डिस्कवर आहे का ते जुळवते. ही टेस्ट सर्व्हर वापरात घ्यायच्या आधी करा, आणि करताना रीसेटचं बटण दाबू नका, त्यात डिस्कला पॉवर मिळत राहते आणि तिची कॅश वाचते, थेट भिंतीतला प्लग काढा, यूपीएस बाजूला ठेवून.