नुसती भाकरी की भाकरी आणि वरण?

55 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिने लागतात, आणि त्यात लायसीन हे अमिनो आम्ल सुमारे 1,650 मिलीग्रॅम असावे लागते. ज्वारीत नेमके तेच कमी असते.

आता दोन ताटे पाहू. दोन्हींत दिवसभराचे कोरडे धान्य 400 ग्रॅमच.

पहिल्यात दिवसभर ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. प्रथिने सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे आकडा फार कमी वाटत नाही. पण लायसीन जेमतेम 920 मिलीग्रॅम. खरी उणीव इथे आहे, आणि भाकऱ्या वाढवून ती भरून काढायची तर पीठ सातशे ग्रॅमच्या वर जाते!

दुसऱ्यात 300 ग्रॅम ज्वारी आणि 100 ग्रॅम तूरडाळ. ज्वारीची 30 आणि डाळीची 22 मिळून प्रथिने 52 ग्रॅम. लायसीन सुमारे 2,200 मिलीग्रॅम. डाळीत मेथिओनीन हे दुसरे अमिनो आम्ल कमी असते, ते ज्वारी पुरवते. सकाळी भाकरी-भाजी आणि रात्री वरण असले तरी चालते, दोन्ही एकाच घासात असायलाच हवीत असे नाही.

माझा कौल अर्थातच दुसऱ्या ताटाला, पण डाळ कोरडी मोजूनच. पातळ आमटीच्या वाटीत डाळ 15-20 ग्रॅमच असते, म्हणजे प्रथिने चारेक ग्रॅम. अशा दोन वाट्यांनी 100 ग्रॅमचा हिशेब जमत नाही. घट्ट वरण, पिठले किंवा मटकीची उसळ जोडीला हवीच.