कंपनीचे धोरण मराठीत आणताना: शब्दशः भाषांतर, सारांश की सोपे पूर्ण भाषांतर?

इंग्रजी धोरण कारखान्यातील कामगारांसाठी मराठीत आणायचे ठरले की तीन मार्ग समोर येतात, आणि त्यांतील फरक गैरहजेरीच्या एकाच कलमावर स्पष्ट दिसतो. समजा, मूळ कलमाचा अर्थ असा आहे: मंजूर रजेविना सलग 10 दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणाऱ्या कामगारावर, त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यानंतर, कंपनी शिस्तभंगाची कारवाई करू शकते.

शब्दशः भाषांतर असे होते: ‘जो कामगार मंजूर रजेविना सलग 10 दिवसांहून अधिक काळ अनुपस्थित राहील, त्याच्याविरुद्ध, त्यास आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देण्याच्या अधीन राहून, शिस्तभंगाची कार्यवाही करता येईल.’ अर्थ शाबूत राहतो, पण ‘अधीन राहून’ या शब्दांत आपला हक्क दडलेला आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शिवाय टंकताना ‘करता येईल’चे ‘करण्यात येईल’ झाले, तर कंपनीला दिलेली मुभा कारवाईच्या निश्चितीत बदलते, आणि वरवर वाचताना हा बदल सहज निसटतो.

सारांश लिहिणारा सहसा असे लिहितो: ‘न सांगता सलग 10 दिवस गैरहजर राहिल्यास कामावरून काढले जाईल.’ हे लगेच समजते, पण या छोट्या वाक्यात पाच चुका आहेत. 11व्या दिवसाची मर्यादा 10व्यावर आली. ‘मंजूर रजेविना’चे ‘न सांगता’ झाल्यामुळे सुपरवायझरला फोन केला की पुरे, असा समज होतो. कारवाईची मुभा निश्चितीत बदलली. शिस्तभंगाची कारवाई थेट बडतर्फीवर गेली. आणि म्हणणे मांडण्याची संधी तर गाळलीच गेली.

तिसरा मार्ग सोप्या वाक्यांतील पूर्ण भाषांतराचा: ‘तुमची रजा मंजूर नसताना तुम्ही सलग 10 दिवसांपेक्षा जास्त दिवस कामावर आला नाहीत, तर कंपनी तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई करू शकते. मात्र त्याआधी कंपनीने तुम्हाला तुमचे म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे.’ मजकूर किंचित वाढतो, पण एकही अट गळत नाही.

म्हणून ज्या कलमात मुदत, शिक्षा, पैसे किंवा हक्क आहे, तिथे तिसराच मार्ग घ्यावा आणि मूळ कलमांचे क्रमांक तसेच ठेवावेत. सारांश फक्त फलकासाठी वापरावा व त्यावर कलम क्रमांक द्यावा. या 10 दिवसांत साप्ताहिक सुट्टी मोजायची का, हे मूळ मजकुरात नसेल, तर भाषांतरकाराने ते ठरवू नये. प्रश्न विधी विभागाकडे पाठवावा आणि उत्तर आल्यावर इंग्रजी प्रतही सुधारावी.

इंग्रजी न पाहिलेल्या व्यक्तीकडून मराठीचे पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून घेऊन ते मुळाशी ताडल्यास गळालेल्या अटी सापडतात. कामगाराला नेमके काय समजले, हे मात्र त्याला प्रसंग विचारूनच कळते: ‘फोन करून कळवले, रजा मंजूर झाली नाही आणि 12 दिवस आलो नाही, तर काय होईल?’ ‘कळवले होते, म्हणून काही होणार नाही,’ असे उत्तर आले, तर ‘मंजूर’ हा शब्द असलेल्या वाक्यानंतर ‘फक्त कळवणे म्हणजे मंजुरी नव्हे’ हे वाक्य विधी विभागाला दाखवून जोडावे.