मुख्य परीक्षा दहा आठवड्यांवर: भेटी बंद करायच्या, 'जमेल तसं' ठेवायच्या की वेळ ठरवायची?

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, पेपर ९. उत्तरं लिहून काढायची तर सलग तीन तासांची बैठक लागते, आणि ती नेमकी शनिवार-रविवारीच जमते. समजा, परीक्षा देणारी ती पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसते आणि तिचा प्रियकर हिंजवडीत नोकरी करतो. त्यालाही सुट्टी तेवढीच. भेटी कमी करायचं त्याच्याकडे कसं मागायचं हे ठरवताना तिच्यासमोर तीन वाटा असतात.

'परीक्षा होईपर्यंत नको' हे सांगायला सोपं, पण 'परीक्षा होईपर्यंत' ही काही तारीख नव्हे. आयोगाच्या तारखा पुढे जातात, मग बंदीही आपोआप लांबते आणि समोरच्याला आपण यादीत शेवटी आहोत असं वाटू लागतं.

'जमेल तसं भेटू' ऐकायला प्रेमळ वाटतं, पण माझ्या मते तीनांत हेच सगळ्यात वाईट. तो शुक्रवारपासून वाट बघतो, ती शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नाही म्हणते. भेट कमी झाली यापेक्षा ऐनवेळी मोडली, हे जास्त लागतं. तिचाही शनिवार 'जायचं की नाही' या विचारातच जातो.

म्हणून वेळ बांधून घ्यावी. आधी भेटीचा खरा खर्च मोजावा: सिंहगड म्हणजे सकाळ तर गेलीच, वर दुपारची झोप, सिनेमा म्हणजे येण्याजाण्यासकट पाच तास, तळजाईवर फेरी आणि जेवण, अडीच तास. सराव पेपर रविवारी सकाळी असेल तर शनिवारची रात्र मोकळी सोडावी आणि रविवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ भेटावं. तीन तास लिहून हात आणि डोकं दोन्ही थकलेले असतात, त्यामुळे त्या वेळात अभ्यासाचं फारसं काही बुडत नाही.

बोलताना आधी विचारावं, मग मागावं: 'या दहा आठवड्यांत तुला कुठले दिवस चुकवायचेच नाहीत?' मित्राचं लग्न, त्याचा वाढदिवस असे दोन-तीन दिवस आधी कॅलेंडरवर टाकावेत. मग सांगावं: 'शनिवारचं फिरणं मला रविवारी संध्याकाळी न्यायचंय. तेव्हा मी फोन बॅगेत ठेवेन. चालेल का, की तुला दुसरी वेळ बरी?' हा प्रश्न खराच असू द्यावा. तो म्हणाला, 'सोमवारी ऑफिस लवकर असतं,' तर वेळ पाचवर आणावी.

'तुला काय, ऑफिस सुटलं की मोकळा' आणि 'समजून घे ना' ही दोन वाक्यं टाळावीत. पहिल्यात त्याचा थकवा उडवून लावला जातो, दुसऱ्यात त्याला उत्तर द्यायला जागाच उरत नाही.

तो 'ठीक आहे' म्हणतो, पण पुढे स्वतःहून काहीच सुचवत नाही, असं सलग दोन रविवार झालं तर ठरलेलं त्याला पटलेलं नाही असं समजावं. चौथ्या आठवड्यातला एक दिवस फेरविचारासाठी आधीच ठरवून ठेवावा. परीक्षा पुढे गेली तरी तो दिवस हलवू नये.