वजनाची सरासरी आणि सरासरीतलं वजन: आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. मी रोज सकाळी, चहाच्या आधी, काट्यावर उभा राहू लागलो. काटा साधा डिजिटल, 100 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की हा आकडा रोज 700-800 ग्रॅम इकडेतिकडे उड्या मारतो. मीठ, पाणी, रात्रीचं जेवण, पोट साफ झालं की नाही, सगळं त्यात येतं. खरं वजन मात्र दिवसाला फार तर 50 ग्रॅम कमी होणार. एवढ्या गोंगाटात ते दिसायचं कसं?

आधी सात दिवसांची साधी सरासरी वापरून पाहिली. तिची एक खोड आहे. एखाद्या दिवशी आकडा फुगला, तर तो सात दिवस सरासरीत बसून राहतो आणि आठव्या दिवशी बाहेर पडतो. त्या दिवशी आपण काहीच न करता सरासरी एकदम खाली येते. म्हणून एक्स्पोनेन्शियली वेटेड मूव्हिंग ॲव्हरेजकडे वळलो. यात जुना आकडा असा धाडकन बाहेर पडत नाही, रोज थोडा थोडा विरत जातो. मी आल्फा 0.1 धरला: आजच्या आकड्याला दहा टक्के वजन, कालच्या सरासरीला नव्वद. एक्सेलमध्ये B रकान्यात काट्याचा आकडा, C मध्ये सरासरी:

```
=IF(B3="",C2,C2+0.1*(B3-C2))
```

यातला `IF` मी नंतर घातला. एकदा काट्यावर उभं राहायचं विसरलो, रकाना रिकामा राहिला, एक्सेलने तो शून्य धरला आणि माझी सरासरी एका रात्रीत पावणेआठ किलोंनी उतरली. बायको म्हणाली, "आता जेवायला हरकत नाही."

हे सूत्र काम कसं करतं ते गौरी जेवणाच्या दुसऱ्या दिवशी नीट दिसलं. आदल्या सकाळी काटा 75.9 आणि सरासरी 76.22. पुरणपोळ्यांनंतर काटा 77.0. म्हणजे काट्याच्या मते 1.1 किलोंची वाढ. सरासरी मात्र 0.1 × 0.78, म्हणजे 78 ग्रॅमच सरकली आणि 76.30 वर थांबली. तीन-चार दिवसांत काटाही जाग्यावर आला. पूर्वी अशा सकाळी माझा दिवसभर मूड जायचा, तो जायचा थांबला. एवढ्यासाठीसुद्धा ही पद्धत पैसे वसूल आहे, आणि पैसे तर लागलेच नव्हते.

आता तक्रारी. पहिली चूक माझीच. पहिल्या दिवशीचा आकडा मी जसाच्या तसा सुरुवातीची सरासरी म्हणून घातला. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालेलं, काटा 79.6. खरं वजन 78.4 च्या आसपास होतं हे पुढच्या आठवड्यात कळलं. सुरुवातीची चूक रोज दहा टक्क्यांनी विरते, म्हणून दहा दिवसांनी त्या 1.2 किलोंतले 420 ग्रॅम उरले. म्हणजे त्या दहा दिवसांत आलेखातली सरासरीची रेषा 780 ग्रॅमनी उतरली आणि मी खूश! प्रत्यक्षात एक ग्रॅमही कमी झाला नव्हता. आता कोणी विचारलं तर सांगतो, पहिल्या सात दिवसांची साधी सरासरी काढा आणि तिच्यापासून सुरू करा.

भाच्याने हेच आकडे पायथनमध्ये टाकले आणि म्हणाला, "मामा, तुझं पहिल्या महिन्याचं चुकलंय." चुकलं नव्हतं. पायथनच्या पांडाज लायब्ररीतलं `ewm` मुळात `adjust=True` धरतं, म्हणजे सुरुवातीला आकडे थोडे असताना त्यांची वजनं वेगळ्या प्रमाणात वाटतं. `ewm(alpha=0.1, adjust=False)` लिहिल्यावर दोघांचे आकडे जुळले. दोन-तीन महिन्यांनंतरच्या आकड्यांत फरक तसाही दिसत नाही.

खरा धडा मात्र ऑक्टोबरमध्ये मिळाला. सप्टेंबरभर वजन दिवसाला साधारण 50 ग्रॅमनी उतरत होतं. आल्फा 0.1 असेल तर सरासरी खऱ्या वजनाच्या नऊ दिवस मागे चालते. नऊ हा आकडा 0.9 भागिले 0.1 यातून येतो. म्हणून रेषा सतत 450 ग्रॅम वर होती. वजन 74.8 वर अडकलं तेव्हा रेषा 75.25 दाखवत होती, आणि पुढचे चौदा दिवस ती उतरतच राहिली, 74.9 पर्यंत. मी बायकोला अभिमानाने आलेख दाखवत होतो, "बघ, पंधरवड्यात साडेतीनशे ग्रॅम." रेषा जुनीच उधारी फेडत होती. वजन जागच्या जागी होतं.

तेव्हापासून मी रेषा पाहत नाही, रेषा आणि काट्याचे ठिपके यांच्यातलं अंतर पाहतो. ठिपके रेषेच्या खाली आहेत आणि अंतर आटत नाही तोवर वजन उतरतंय. एका दिवसाचं अंतर गोंगाटाने भरलेलं असतं, पण आठवड्याच्या अंतरांची सरासरी काढून तिला नऊने भागलं की दिवसाला किती ग्रॅम उतरतंय त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. 450 भागिले नऊ, पन्नास. ऑक्टोबरमध्ये हे अंतर 450 वरून 100 वर आलं होतं, म्हणजे निरोप कागदावर होता, मी वाचला नव्हता. भाऊबीजेनंतर सलग सहा ठिपके रेषेच्या वर गेले तेव्हा मात्र वाचला. फराळाचे डबे ऑफिसात वाटून टाकले.

आल्फा बदलून पाहिला का? पाहिला. 0.3 वर रेषा जेमतेम 2.3 दिवस मागे राहते, पण काट्याच्या चढउतारातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग तिच्यात तसाच उतरतो. 0.1 वर तो तेवीस टक्क्यांच्या आसपास येतो. 0.05 वर रेषा सुरेख गुळगुळीत होते, पण एकोणीस दिवस मागे. रोजच्या वजनासाठी मी 0.1 वरच राहिलो. हीच युक्ती इंटरनेटवर माहितीची ने-आण करणाऱ्या टीसीपी या नियमावलीत माहितीच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजायला वापरतात, तिथे ठरलेला आल्फा एक अष्टमांश आहे. माझ्या निवडीपासून फार लांब नाही, याचं उगाचच बरं वाटलं.

नोव्हेंबरात बारा दिवस गावी होतो, तिथे काटा नव्हता. वरचं सूत्र रिकाम्या दिवसांत कालचीच सरासरी पुढे ढकलतं. ते चूक आहे, कारण बारा दिवसांपूर्वीच्या सरासरीला कालच्याएवढा मान द्यायचं कारण नाही. नेमकेपणाने करायचं तर परतल्यावर पहिल्या आकड्याचं वजन 1 − 0.9¹² धरायचं, म्हणजे जवळजवळ 0.72. पण तो पहिला आकडा रात्रभर एसटीत बसून, पाय सुजवून आल्यानंतरचा होता. त्याच्यावर बहात्तर टक्के भिस्त ठेवणं मला पटेना. मी तीन सकाळींची सरासरी घेऊन तिथून रेषा नव्याने सुरू केली.

एक गोष्ट साधी सात दिवसांची सरासरीच चांगली करते, हे मान्य करायला हवं. माझं वजन दर सोमवारी रविवारच्या जेवणामुळे चढतं आणि गुरुवारपर्यंत उतरतं. सात दिवसांच्या खिडकीत प्रत्येक वार एकदाच येतो, म्हणून हा हेलकावा पूर्ण मिटतो. माझ्या रेषेत तो बारीक लाटेसारखा अजून दिसतो. सोमवारी मी अंतर मोजतच नाही, शनिवारी मोजतो, पूर्ण आठवड्याचं.

आज शनिवार. आठवड्याचं सरासरी अंतर 180 ग्रॅम, ठिपके खाली. म्हणजे दिवसाला वीस ग्रॅम.