ट्युरिंग की मेनी-वन: सिद्धतेत कुठलं रिडक्शन घ्यावं?

टिळकवाडीत माझ्याकडे ऑटोमाटा थिअरी शिकायला खानापूर, निपाणीकडची इंजिनिअरिंगची मुलं येतात. परीक्षा जवळ आली की त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "सर, या दोनांतलं कुठलं घ्यायचं?" आधी काय सिद्ध करायचंय ते ठरवा, असं मी सांगतो.

ट्युरिंगने ओरॅकल मशीन मांडलं ते 1939 च्या निबंधात. B चा ओरॅकल "हे B मध्ये आहे का?" या प्रश्नाला एका पावलात अचूक हो-नाही देतो. तो हे कसं काढतो, ते विचारायचं नाही. त्याच्या मदतीने A सुटला तर `A ≤_T B`, म्हणजे A हा B पेक्षा अवघड नाही. प्रश्न हवे तितके विचारा, उत्तरं हवी तशी वापरा. मेनी-वनमध्ये (`A ≤_m B`) प्रश्न एकच, तोही शेवटी, आणि ओरॅकलचं उत्तर तेच आपलं उत्तर.

हॉल्टिंग प्रॉब्लेम H घ्या: प्रोग्राम P इनपुट x वर थांबतो का? त्याचा उलटा प्रश्न N: P कधीच थांबत नाही का? ट्युरिंगने पाहिलं तर दोन्ही एकाच पायरीवर. H ला विचारायचं आणि उत्तर फिरवायचं. मेनी-वनमध्ये उत्तर फिरवायची मुभाच नाही. H निदान ओळखता येतो, कारण P चालवत बसलं की थांबल्यावर कळतं. `N ≤_m H` असतं तर N सुद्धा असाच ओळखता आला असता, आणि दोन्ही शोध शेजारी शेजारी चालवून H सुटला असता. ते अशक्य आहे.

तेव्हा फक्त "अनिर्णेय" दाखवायचं असेल तर ट्युरिंग रिडक्शन सोपं पडतं. "ओळखताही येत नाही" दाखवायचं असेल, तर मात्र मेनी-वनच लागेल.

माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण T चं: प्रोग्राम प्रत्येक इनपुटवर थांबतो का? P आणि x वरून नवा प्रोग्राम Q बनवा. Q(n) हा P ला x वर n पावलं चालवतो. तेवढ्यात P थांबला तर Q अनंत फेऱ्यात अडकतो, नाहीतर थांबतो. P कधीच थांबत नसेल तरच Q सगळीकडे थांबतो. म्हणजे `N ≤_m T`, आणि T ओळखता येत नाही.

H चा ओरॅकल हाताशी असला तरी T सुटत नाही. n = 0, 1, 2 असं एकेक विचारत गेलं तर "नाही" कधीतरी सापडेल, पण "हो" म्हणायची वेळ कधीच येत नाही. T एक पायरी वर आहे.

मुलं हमखास चुकतात ती दिशेत. `T ≤_T H` दाखवायला निघालात तर T सोपा असल्याचा दावा होतो. अवघड म्हणून आधीच माहीत असलेला प्रश्न चिन्हाच्या डावीकडे आहे का, एवढं लिहिण्याआधी तपासा.